पी-व्हॅल्यू म्हणजे नक्की काय? थायलंडमधल्या एका एचआयव्ही लसीची गोष्ट

२४ सप्टेंबर २००९. बँकॉकमध्ये एक पत्रकार परिषद झाली आणि काही तासांत तिची बातमी जगभर पोहोचली. एचआयव्हीचा संसर्ग काही प्रमाणात टाळणारी लस पहिल्यांदाच सापडली होती. पंचवीस वर्षं शास्त्रज्ञ जिच्या मागे होते, ती गोष्ट निदान अर्धवट तरी हाती आली असं वाटत होतं. लसीमुळे संसर्गाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं, असा आकडा जाहीर झाला. त्याच्यासोबत आणखी एक छोटा आकडा होता : पी = ०.०४.

या ०.०४ चा अर्थ अनेकांनी असा घेतला : 'हा निकाल योगायोग असण्याची शक्यता फक्त ४ टक्के, म्हणजे लस खरोखर काम करते याची खात्री ९६ टक्के.' ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. वैद्यकीय बातम्यांत, औषधांच्या माहितीपत्रकांत आणि कधीकधी डॉक्टरांच्या बोलण्यातही पी-व्हॅल्यूचा हाच अर्थ सांगितला जातो. पण तो चुकीचा आहे. कसा ते समजून घ्यायला ही थायलंडची ट्रायल फार उपयोगी पडते, कारण तिचे आकडे सोपे आहेत आणि पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे.

ट्रायल काय होती?

ही ट्रायल 'आरव्ही १४४' या नावाने ओळखली जाते. थायलंडच्या चोनबुरी आणि रायोंग या दोन प्रांतांत २००३ मध्ये ती सुरू झाली. १६,४०२ निरोगी तरुण-तरुणींनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन जवळजवळ समान गटांत विभागणी झाली. एका गटाला लस मिळाली, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. कोणाला काय मिळालं हे ना घेणाऱ्याला माहीत होतं, ना देणाऱ्याला. सहा महिन्यांत इंजेक्शनं पूर्ण झाली आणि त्यानंतर तीन वर्षं या सगळ्यांची ठरावीक काळाने एचआयव्ही तपासणी होत राहिली.

लस एक नव्हती, दोन होत्या. आधी अल्व्हॅक नावाच्या लसीचे डोस आणि नंतरच्या दोन खेपांना तिच्या जोडीला एड्सव्हॅक्स. यातली एड्सव्हॅक्स आधी एकटी वापरून पाहिली होती आणि २००३ मध्ये ती निष्प्रभ ठरली होती. त्यामुळे २००४ च्या जानेवारीत २२ नामवंत शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून या ट्रायलच्या उपयोगाबद्दल उघड शंका घेतली होती. हे लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

शेवटी मोजणी झाली. लस घेतलेल्या गटात ५१ जणांना संसर्ग झाला आणि प्लासिबो गटात ७४ जणांना. प्रत्येक गटात सुमारे ८,२०० माणसं होती.

०.०४ कुठून आला?

आता आपण थोडा हिशोब करू. त्याला फक्त एक नाणं लागेल.

क्षणभर धरून चाला की लस पूर्ण निरुपयोगी आहे, नुसतं पाणी आहे. संख्याशास्त्रात या गृहीताला 'शून्य गृहीतक' म्हणतात, शून्य म्हणजे 'काहीही परिणाम नाही'. लस पाणीच असेल, तर ज्या १२५ जणांना संसर्ग झाला (५१ अधिक ७४), त्यातला प्रत्येक जण लसीच्या गटात होता की प्लासिबोच्या, हे निव्वळ नशिबावर ठरलं. दोन्ही गट सारखेच मोठे असल्यामुळे हे नाणेफेकीसारखंच झालं. छापा पडला तर लसगट, काटा पडला तर प्लासिबो.

१२५ वेळा नाणं उडवलं तर साधारण ६२-६३ छापे यायला हवेत. पण नाणं कितीही सरळ असलं तरी दर वेळी बरोबर निम्मे छापे येत नाहीत. कधी ५८ येतील, कधी ६७. आता प्रश्न असा : सरळ नाण्याने ५१ विरुद्ध ७४ इतकी, किंवा त्याहून जास्त तफावत, कोणत्याही एका बाजूला, किती वेळा पडेल?

उत्तर असं की १२५ नाण्यांचा हा खेळ १०० वेळा खेळला, तर साधारण चार-पाच वेळा. संशोधकांनी कोणाला संसर्ग कधी झाला हेही धरून जास्त काटेकोर पद्धत वापरली आणि त्यांचा आकडा आला ०.०४, म्हणजे शंभरात चार.

पी-व्हॅल्यू म्हणजे एवढंच. लस निरुपयोगी आहे असं आधीच धरलं, तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ नशिबाने दिसण्याची शक्यता.

या वाक्यातला 'असं आधीच धरलं, तर' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. पी-व्हॅल्यू काढताना आपण लस निरुपयोगी आहे हे मान्य करून सुरुवात केली. मग त्याच आकड्याने 'लस निरुपयोगी असण्याची शक्यता किती' हे सांगणं कसं जमेल? जी गोष्ट गृहीत धरून गणित मांडलं, तिची शक्यता त्या गणिताच्या उत्तरातून निघत नाही.

ताप आणि डेंग्यू

हे पटायला जड जात असेल तर दवाखान्यातलं उदाहरण घ्या. डेंग्यूच्या आजारी माणसाला ताप असण्याची शक्यता किती? खूपच जास्त, जवळजवळ प्रत्येकाला असतो. आता उलटा प्रश्न विचारा. ताप घेऊन आलेल्या माणसाला डेंग्यू असण्याची शक्यता किती? याचं उत्तर एकच नाही. पावसाळा संपताना, शेजारच्या दोन घरांत डेंग्यूचे पेशंट असताना ती बरीच असेल. ऐन थंडीत, घरात सगळ्यांना सर्दी-खोकला असताना ती अगदी थोडी असेल.

दोन्ही प्रश्नांत शब्द तेच आहेत, ताप आणि डेंग्यू. फक्त त्यांचा क्रम उलटला, आणि उत्तर पूर्ण बदललं. शिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एक जास्तीची माहिती लागली : मुळात सध्या डेंग्यू किती आहे?

पी-व्हॅल्यूच्या बाबतीत नेमकं हेच होतं. 'लस निरुपयोगी असेल तर असा निकाल दिसण्याची शक्यता' हा पहिल्या जातीचा प्रश्न आहे. 'असा निकाल दिसला असताना लस निरुपयोगी असण्याची शक्यता' हा दुसऱ्या जातीचा. पी-व्हॅल्यू पहिल्याचं उत्तर देते. आपल्याला हवं असतं ते दुसऱ्याचं.

मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं?

एक काल्पनिक हिशोब मांडू. यातले आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत.

समजा एखाद्या अवघड आजारावर १,००० वेगवेगळ्या लसींच्या ट्रायल घेतल्या. आजार अवघड आहे, म्हणून त्यातल्या फक्त १०० लसी खरोखर उपयोगी आहेत आणि ९०० निरुपयोगी. आपला नियम असा की पी ०.०५ पेक्षा कमी आली तर लस 'यशस्वी' म्हणायची.

९०० निरुपयोगी लसींपैकी ५ टक्के, म्हणजे ४५ लसी केवळ नशिबाने 'यशस्वी' ठरतील. १०० उपयोगी लसींपैकीही सगळ्या पकडल्या जाणार नाहीत, कारण कोणतीही ट्रायल परिपूर्ण नसते. समजा ८० पकडल्या गेल्या. म्हणजे एकूण १२५ लसी यशस्वी म्हणून जाहीर होतील, आणि त्यातल्या ४५ खोट्या असतील. हे प्रमाण ३६ टक्के झालं. पी-व्हॅल्यूची मर्यादा ५ टक्के होती, पण प्रत्यक्षात फसण्याची शक्यता निघाली ३६ टक्के.

आता दुसरी परिस्थिती घ्या. १,००० पैकी ५०० लसी खरोखर उपयोगी आहेत. निरुपयोगी ५०० पैकी २५ नशिबाने पास होतील, उपयोगी ५०० पैकी ४०० पास होतील. आता ४२५ पैकी २५ खोट्या, म्हणजे सुमारे ६ टक्के. नियम तोच, ट्रायल तशीच, तरी उत्तर ३६ वरून ६ वर आलं. फरक पडला तो फक्त आधीच्या परिस्थितीमुळे, डेंग्यूच्या साथीसारखा.

आणखी एक बारकावा आहे. पास झालेल्या या लसींमध्ये पी ०.०००१ असलेल्या भक्कम लसीही आहेत आणि ०.०४ असलेल्या कशाबशा पास झालेल्याही. खोट्यांची गर्दी साहजिकच कशाबशा पास झालेल्यांमध्ये जास्त असते. त्यामुळे सीमेजवळच्या पी-व्हॅल्यूवर तर अधिकच सावधपणे विश्वास ठेवायला हवा.

आता थायलंडकडे परत या. यातली एक लस आधी एकटी अपयशी ठरलेली. २२ जाणकारांनी शंका घेतलेली. एचआयव्हीच्या लसींचा तोवरचा इतिहास अपयशांचाच. म्हणजे परिस्थिती १,००० पैकी ५०० सारखी नव्हती, १,००० पैकी १०० च्या जवळची होती. अशा वेळी ०.०४ वरून '९६ टक्के खात्री' हा अर्थ कोणत्याच हिशोबात बसत नाही.

सात माणसांनी बदललेला निकाल

पत्रकार परिषदेत एकच विश्लेषण जाहीर झालं होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये पूर्ण शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की विश्लेषणं तीन होती.

पहिल्यात नाव नोंदवलेले सगळे १६,४०२ लोक धरले होते. तिथे संसर्ग ५६ विरुद्ध ७६ होते आणि पी होती ०.०८. दुसऱ्यात सात जण वगळले होते, कारण पहिल्या इंजेक्शनच्या आधीच त्यांना संसर्ग झालेला होता हे नंतर तपासणीत उघड झालं. त्या सातपैकी पाच लसगटातले होते आणि दोन प्लासिबोतले. ते वजा केल्यावर ५१ विरुद्ध ७४ उरले आणि पी झाली ०.०४. तिसऱ्यात फक्त सगळे डोस वेळेवर घेतलेले लोक होते, तिथे ३६ विरुद्ध ५० आणि पी ०.१६.

सात जणांना वगळणं चुकीचं नव्हतं. ज्याला आधीच संसर्ग झालाय त्याला लस वाचवणार कशी? पण एक गोष्ट पाहा. सोळा हजारांतले सात लोक इकडचे तिकडे झाले आणि '०.०५ च्या वर' असलेला निकाल '०.०५ च्या खाली' गेला. लसीच्या अंगच्या गुणात तर काहीच बदललं नव्हतं. ०.०५ ही रेष ओलांडली की खरं आणि न ओलांडली की खोटं, असं मानणं किती ठिसूळ आहे हे यातून दिसतं.

शोधनिबंधात आणखी एक आकडा होता, जो मथळ्यांत फारसा आला नाही. ३१ टक्के हा अंदाज होता, आणि त्याची शक्य मर्यादा साधारण १ टक्क्यापासून ५२ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. म्हणजे लस जवळजवळ काहीच करत नाही इथपासून ती निम्मे संसर्ग टाळते इथपर्यंत काहीही या आकड्यांशी जुळत होतं. माझ्या मते हा एक आकडा पी-व्हॅल्यूपेक्षा वाचकाला कितीतरी जास्त सांगतो.

ही ०.०५ ची रेष आली कुठून?

याचं श्रेय किंवा दोष इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यांच्याकडे जातो. ते डॉक्टर नव्हते. लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड इथे शेतीचं संशोधन केंद्र आहे, तिथे १९१९ पासून ते गहू-बटाट्याच्या पिकांवरच्या प्रयोगांचे आकडे तपासत होते. एका वाफ्यात खत घातलं आणि पीक जास्त आलं, तर ते खतामुळे की जमीनच चांगली होती म्हणून, असा त्यांचा रोजचा प्रश्न होता. १९२५ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी विसात एक, म्हणजे ०.०५, ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. 'सोयीची' हाच शब्द महत्त्वाचा. निसर्गात अशी कोणतीही रेष नाही.

फिशर यांच्या दृष्टीने लहान पी-व्हॅल्यू म्हणजे अंतिम निकाल नव्हता, तर 'इथे काहीतरी असावं, पुन्हा प्रयोग करा' अशी खूण होती. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यावर सहसा दर वेळी असाच निकाल आला, तरच ती गोष्ट सिद्ध झाली असं मानावं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पुढे १९३३ मध्ये जेर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन यांनी वेगळी पद्धत मांडली. आधीच एक रेष ठरवा, निकाल तिच्या आत आला तर हो, नाही तर नाही, आणि असे निर्णय आयुष्यभर घेतले तर किती वेळा चुकाल त्याचा हिशोब ठेवा. फिशर यांना ही पद्धत अजिबात मान्य नव्हती आणि त्यांचा वाद अनेक वर्षं चालला. पाठ्यपुस्तकांनी मात्र दोघांचं मिश्रण केलं. फिशर यांची पी-व्हॅल्यू घेतली, नेमन-पिअरसन यांची हो-नाहीची रेष घेतली, आणि विद्यार्थ्यांच्या हाती जे पडलं ते यातल्या कोणीच सांगितलं नव्हतं. 'शक्यता ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे ९५ टक्के खरं' हा गैरसमज याच खिचडीत मुरला. तो इतका पसरला की २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने अधिकृत निवेदन काढलं आणि त्यात स्पष्ट सांगितलं की एखादं गृहीतक खरं असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही.

पुढे काय झालं?

फिशर यांचा सल्ला होता : पुन्हा करून पाहा. एचआयव्हीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी तेच केलं. २०१२ मध्ये थायलंडच्या सहभागी लोकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या एका विशिष्ट भागाविरुद्ध ज्यांच्या शरीरात जास्त अँटीबॉडी तयार झाल्या होत्या, त्यांना संसर्ग कमी झालेला दिसला. यामुळे आशा वाढली. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या विषाणूच्या प्रकाराला अनुसरून बदललेली लस घेऊन, नवी ट्रायल सुरू झाली. त्यात ५,४०७ लोक सहभागी झाले.

फेब्रुवारी २०२० मध्ये ती लसीकरण मध्येच थांबवल्याचं जाहीर झालं. लसगटात १२९ संसर्ग होते आणि प्लासिबो गटात १२३. नाणेफेकीच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ निम्मे-निम्मे. लसीने अपाय केला नव्हता, पण उपयोगही दिसला नव्हता.

मग २००९ चा निकाल निव्वळ योगायोग होता का? इथेही उडी मारून निष्कर्ष काढता येत नाही. विषाणूचा प्रकार वेगळा होता, लसीचे घटक बदलले होते, आणि दक्षिण आफ्रिकेत संसर्गाचा धोकाही कितीतरी जास्त होता. थायलंडमध्ये थोडासा परिणाम खरोखर असू शकतो, आणि तो नशिबाचा खेळही असू शकतो. इतकं मात्र निश्चित की २००९ मध्ये कोणाच्याही हातात ९६ टक्के खात्री नव्हती. ज्यांनी तशी समजूत करून घेतली, त्यांना २०२० मध्ये धक्का बसला. ज्यांनी ०.०४ ला 'पुन्हा तपासण्याजोगी खूण' मानलं, त्यांना वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

वाचताना काय पाहाल?

नवीन औषधाची, आहाराची किंवा पूरक गोळ्यांची बातमी वाचताना 'पी ०.०५ पेक्षा कमी' किंवा 'संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' असं दिसलं, तर तीन गोष्टी शोधा. पहिली, फरक प्रत्यक्षात किती माणसांचा होता? थायलंडमध्ये तो सुमारे आठ हजारांत ७४ विरुद्ध ५१ असा होता. '३१ टक्के' ऐकून डोळ्यांसमोर जे येतं, त्यापेक्षा हे चित्र वेगळं आहे. दुसरी, या उपायाबद्दल आधी काय माहीत होतं? आधीचे प्रयोग फसले असतील तर एका नव्या लहान पी-व्हॅल्यूने पारडं फारसं झुकत नाही. तिसरी, वेगळ्या लोकांनी वेगळ्या ठिकाणी तोच प्रयोग केला का, आणि तिथे काय दिसलं?

बातमीत ही माहिती नसेल तर कात्रण घेऊन तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि तोवर, चालू असलेलं औषध एका ०.०४ च्या भरवशावर बदलू नका.